तीन आठवडे पिवळा, मग लाल

प्रत्येक शुक्रवारी दुपारी चार वाजता क्लायंटला स्टेटस रिपोर्ट पाठवणे हे माझे काम. त्या शुक्रवारी, म्हणजे 7 तारखेला, पेमेंट इंटिग्रेशनची ओळ सलग तिसऱ्या आठवड्यात पिवळी होती आणि पुढे तेच वाक्य होते : ‘फायरवॉलसंदर्भात नेटवर्क टीमकडे पाठपुरावा सुरू आहे.’ बँकेच्या टेस्ट सर्व्हरपर्यंत आमची विनंती पोहोचण्यासाठी क्लायंटने आपल्या फायरवॉलमधून वाट मोकळी करणे आवश्यक होते आणि ती झालेली नव्हती.

मी कॅलेंडर उघडून उलटे मोजले. यूएटी, म्हणजे क्लायंटने स्वतः वापरून करायची स्वीकृती चाचणी, सोमवारी, 24 तारखेला सुरू होणार होती आणि त्याआधी आम्हाला चाचणीसाठी कामाचे आठ दिवस हवे होते. म्हणजे 12 तारखेच्या सकाळी जोडणी चालू हवी. हातात कामाचे दोनच दिवस उरले होते. आमच्याकडे पिवळ्याचा अर्थ ‘उशिराची शक्यता आहे, पण उपाय टीमच्या हातात आहे’ असा ठरलेला होता. इथे उपाय आमच्या हातात नव्हताच.

डिलिव्हरी मॅनेजर म्हणाले, “एकदम लाल दाखवलंस तर ते घाबरतील, अजून एक आठवडा थांबू.” त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण लाल रंग पहिल्यांदा मेलमध्येच दिसला की समोरच्याला तो आरोप वाटतो. म्हणून मी आधी क्लायंटच्या प्रोग्रॅम मॅनेजरना फोन करून सारे सांगितले आणि मगच ती ओळ बदलली :

‘लाल. टेस्ट सर्व्हरची जोडणी तीन आठवडे अडली आहे. नेटवर्क प्रमुखांनी मंगळवार 11 तारखेच्या संध्याकाळपर्यंत नियम लागू करावा. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे यूएटी एक दिवस पुढे जाईल.’

सोमवारी सकाळी प्रोग्रॅम मॅनेजरचा फोन आला आणि मला ओशाळायला झाले. आमच्या विनंतीत जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता होता. नेटवर्क टीमने दुसऱ्याच दिवशी खुलासा मागून तिकीट थांबवून ठेवले होते आणि तो मेल प्रोजेक्ट सोडून गेलेल्या आमच्या सहकाऱ्याच्या नावावर जात होता. तीन आठवडे मी ज्याला पाठपुरावा म्हणत होतो, तो प्रत्यक्षात तिकिटाचा क्रमांक देऊन विचारपूस करणारा मेल होता. तिकीट उघडून मी एकदाही पाहिले नव्हते.

दुरुस्त पत्ता त्याच दिवशी गेला, पण नियम बुधवारी दुपारी लागू झाला, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पुढच्या रिपोर्टमध्ये अडथळ्याचे कारण ‘विनंतीतील आमची चूक’ असे मी नोंदवले. डिलिव्हरी मॅनेजरनी आता हिरवा करायला सांगितले, मी ओळ पिवळी ठेवली आणि पुढे लिहिले, ‘जोडणी चालू आहे, रिफंडची चाचणी अद्याप बाकी, अर्ध्या दिवसाची भरपाई शनिवारी.’