सहा टोप्या, तीन धंदे: चौथ्या बैठकीची नोंद

धंद्याच्या कल्पना आम्ही सहा रंगांच्या टोप्यांनी तपासतो. टोपी म्हणजे विचार करायची एक तऱ्हा: पांढरी माहितीची, लाल मनाला काय वाटतं त्याची, पिवळी फायद्यांची, काळी धोक्यांची, हिरवी नव्या वाटांची आणि निळी बैठक सांभाळण्याची. मागच्या नोंदीत मी कबूल केलं होतं की आमच्या पहिल्या दोन बैठका फुकट गेल्या. कारण साधं होतं, आम्ही माणसांना टोप्या वाटून टाकल्या होत्या. सीए मित्राला काळी मिळाली. तीन तास तो खोट काढत बसला आणि बाकीचे चौघे वकिलासारखे त्याला उत्तरं देत राहिले. शेवटी वाद झाला, विचार झालाच नाही. एडवर्ड डी बोनो यांनी 1985 साली ही पद्धत मांडली ती नेमकी याच्या उलट आहे. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची टोपी घालायची, आणि रंग बदलला की सगळ्यांनी मिळून बदलायचा. धंद्याच्या बैठकीत ‘टोपी घालायची’ म्हटल्यावर मामा जे हसायला लागले ते अजून थांबलेले नाहीत, पण नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय.

आम्ही पाच जण: मी, वहिनी, मामा, सीए मित्र आणि त्याची कॉलेजात शिकणारी बहीण. ताटात तीन कल्पना होत्या. दुपारच्या जेवणासाठी ज्वारीच्या ताज्या भाकऱ्या पोचवणं, लहान मुलांची खेळणी भाड्यानं देणं, आणि घरी येऊन सायकल दुरुस्ती. ही बैठक लिहून ठेवतोय ती एका प्रश्नासाठी. कल्पना एकापेक्षा जास्त असतील तर टोपी धरून सगळ्या कल्पनांवरून फिरायचं, की एक कल्पना धरून सगळ्या टोप्या फिरवायच्या?

तिसऱ्या बैठकीत आम्ही पहिला मार्ग धरला होता. पांढऱ्या टोपीला तो छान चालला, काळीला साफ फसला. भाकरीला आठ धोके निघाले, खेळण्यांना पाच, आणि सायकलीची पाळी येईपर्यंत सगळे ‘तेच की, माणूस टिकणार नाही’ म्हणून मोकळे. सायकलीची कल्पना सुरक्षित होती असं नाही, आम्ही दमलो होतो. यादीत शेवटी आलेली कल्पना उगाच निर्धोक वाटायला लागली की समजावं, टोपी फार वेळ डोक्यावर राहिली.

म्हणून या वेळी मिसळ केली. सुरुवातीला लाल आणि पांढरी तिन्ही कल्पनांवर एकदम. मग पिवळी, काळी, हिरवी एकेका कल्पनेवर सलग. शेवटी पुन्हा लाल तिन्हींवर. निळी, म्हणजे घड्याळ आणि क्रम सांभाळण्याची, माझ्याकडे. वेळ माणशी एक मिनिट, म्हणून प्रत्येक टोपीला पाच मिनिटं. लालला माणशी जेमतेम अर्धं मिनिट, कारण तिथे कारण द्यायचंच नसतं.

लाल आम्ही चिठ्ठ्यांवर घेतो, नाहीतर मामा पहिले बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एक ते पाच आकडा लिहायचा, नाव नाही. भाकरीला 4, 4, 5, 4 आणि एक 2 आला. तो 2 कुणाचा हे अक्षरावरून सगळ्यांना कळलं. घरात रोज भाकऱ्या थापणाऱ्या वहिनीच एकट्या आहेत. ‘का?’ हा शब्द माझ्या ओठावर आला होता, तो गिळला.

पांढरीत कागदाचे दोन भाग करतो. डावीकडे तपासलेलं, उजवीकडे ‘असं म्हणतात’. खेळण्यांची कल्पना इथेच लंगडी झाली: चौदा वाक्यांतली अकरा उजवीकडे गेली. ‘आया तयार असतात’, ‘मुलं महिन्यात कंटाळतात’, सगळं ऐकीव. कल्पना वाईट असेलही किंवा नसेलही, पण तिच्यावर पुढच्या टोप्या चढवण्यात अर्थ नव्हता. बहिणीनं दहा घरी विचारून यायचं ठरलं आणि खेळण्यांची कल्पना बाजूला ठेवली.

भाकरीची डावी बाजू मात्र भरली, कारण वहिनींच्या शेजारी मी शनिवारी घड्याळ घेऊन बसलो होतो. एका तव्यावर तासाला 24 भाकऱ्या. किलोभर पिठात अकरा. पीठ साठ रुपये किलो धरलं तर भाकरीमागे साडेपाच रुपयांच्या आसपास नुसतं पीठ. बारा वाजता 120 भाकऱ्या हव्या असतील तर दोन बायका, दोन तवे, सलग अडीच तास. इथे सीए मित्र म्हणाला, ‘120 खूप आहेत पण.’ वाक्यात ‘पण’ आला की मी निळ्या टोपीतून हात वर करतो. पांढरीत काळी गळायला लागल्याची ती खूण. आकडा ठेवला, ‘पण’ काळीसाठी राखून ठेवला.

पिवळी काळीच्या आधी घेतो. फायदा नीट दिसला नाही तर धोका कशाला राखायचा तेच कळत नाही. पिवळीत कामाचं एकच निघालं: सांगलीत एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारांना भाजी करता येते, भाकरी येत नाही, त्यामुळे डब्याशी स्पर्धा न करता नुसती भाकरी विकता येईल.

काळीत वहिनी बोलल्या आणि त्या 2 चा उलगडा झाला. ‘साडेनऊला केलेली भाकरी बारा वाजता वातड होते. चळत लावली की खालची ओलसर होते. पिठाची विरी गेली की थापताना कडा चिरतात, म्हणजे दळण दोन-चार दिवसांनी ताजं लागणार. आणि साठ भाकऱ्या सलग थापल्या की खांदा भरून येतो, दुसऱ्या दिवशी ती बाई येणार नाही.’ सगळे गप्प. यातलं एकही आमच्या हिशेबात नव्हतं. लालमध्ये तेव्हाच कारण विचारलं असतं तर वहिनींना एकट्यानं चौघांशी भांडावं लागलं असतं. काळीत तेच सगळ्यांचं काम होतं, मामांनी उलट अजून एक धोका जोडला.

हिरवीत पहिली तीन मिनिटं रिकामी गेली. मोठा तवा, भाकरीचं यंत्र, असलं काहीतरी. मग बहीण म्हणाली, ‘वातडच होणार असेल तर कडकच करा ना.’ सोलापूरकडची कडक भाकरी! पातळ थापून पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली, अनेक दिवस टिकणारी. बारा वाजण्याची घाईच संपते, रोज साठऐवजी वीस थापल्या तरी साठा होतो.

पण हिरवीतून निघालेली कल्पना ही नवीच कल्पना असते, तिच्यावर पिवळी-काळी पुन्हा फिरवावी लागते. ते तिसऱ्या बैठकीत विसरलो होतो. पुन्हा काळी: वाटेत मोडतात, आणि सोलापुरातून तयार माल येतोच, मग आमचा कुणी का घ्यावा? दुसऱ्या मुद्द्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. तो तसाच लिहून ठेवला.

सायकल दुरुस्तीचं फार लिहीत नाही. पंक्चरच्या एका फेरीला पेट्रोल आणि वेळ धरून काहीच उरत नाही, एवढं पांढरीनंच सांगितलं होतं.

शेवटची लाल: ताजी भाकरी 2, 3, 2, 2, 2. कडक भाकरी 4, 3, 4, 3, 4. सुरुवातीचे आकडे फळ्यावर होते म्हणून फरक दिसला. नुसती शेवटची लाल घेतली असती तर आम्ही पहिल्यापासून शहाणेच होतो असं वाटलं असतं.

वहिनींनी काल वीस कडक भाकऱ्या केल्या. दहा पत्र्याच्या डब्यात, दहा पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन्ही एसटीनं पुण्याला भावाकडे पाठवल्यात. रविवारी तो मोडलेल्या मोजून कळवणार आहे.