अडखळणाऱ्या वक्त्यासाठी सहा मिनिटांचे भाषण लिहिताना

आमच्या कारखान्याच्या प्रमुखांना लहानपणापासून बोलताना अडखळण्याची सवय आहे, आणि बैठकांमध्ये ते सहसा थोडक्यात बोलून मोकळे होतात. एका जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मात्र त्यांना स्वतः उभे राहून सहा मिनिटे बोलायचे होते, आणि ते भाषण लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. भाषणे लिहिण्याची मला सवय होती, पण ज्याच्या तोंडी एखादा शब्द ऐन वेळी अडू शकतो अशा माणसासाठी मी कधी लिहिले नव्हते.

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे वाचा-उपचारक लायनेल लोग राजाची भाषणे आधी वाचून अवघड वाटणारे शब्द बदलत असत, एवढे मला ठाऊक होते. त्यावरून मी असा समज करून घेतला की काही अक्षरे सर्वांनाच अवघड जातात आणि ती टाळली की काम झाले. क, ट, प यांच्या उच्चारात हवा पूर्ण अडवून मग सोडावी लागते, स्वरांमध्ये तसे काही नसते, म्हणून मी जमेल तितकी वाक्ये स्वरांनी सुरू केली. भाषणाची सुरुवात होती, 'आदरणीय अध्यक्ष महोदय'. पहिल्याच वाचनाला साहेब 'आ'वर थांबले. तोंड उघडे होते, ओठ आणि जीभ मोकळी होती, पण आवाज फुटत नव्हता. अडथळा खाली, स्वरतंतूंपाशी होता. तो शब्द निघाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मला न विचारताच अक्षरे निवडलीत."

मग आम्ही क्रम उलटा केला. त्यांनी कोणत्याही तयारीशिवाय वीस मिनिटे कारखान्याच्या जुन्या दिवसांबद्दल बोलावे आणि मी त्यांच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करावे, असे ठरले. ते ऐकताना प्रत्येक अडखळण्यावर मी खूण केली आणि शेजारी लिहिले, की वाक्याच्या कोणत्या ठिकाणी ते झाले. खुणांपैकी बहुतेक वाक्याच्या पहिल्या शब्दावर किंवा मध्ये श्वास घेतल्यानंतरच्या शब्दावर होत्या. तोच 'क' वाक्याच्या मधोमध आला की बऱ्याचदा सहज निघून जाई, कारण तोवर श्वास आणि आवाज चालू झालेले असत. त्यांच्या बाबतीत सुरुवातीला क, प, त आणि दीर्घ आ अवघड होते. स, म, न, य, व तुलनेने सोपे होते. व्याकरणात आपण क ते म या सगळ्यांना एकाच स्पर्शव्यंजनांच्या रांगेत बसवतो, पण म आणि न म्हणताना नाकावाटे हवा वाहत राहते आणि आवाज लांबवता येतो, हा फरक मला तेव्हा प्रथम कानांनी कळला. ही यादी त्यांचीच होती. दुसऱ्या कोणाला नेमका 'म'च नकोसा असू शकतो.

आता काम सोपे झाले असे वाटून मी अवघड अक्षरांनी सुरू होणारे सगळेच शब्द बदलायला बसले, आणि तेथे दुसरी चूक केली. 'कामगार'च्या जागी 'श्रमिक' वाचताच त्यांनी कागद खाली ठेवला. "मी आयुष्यात कधी श्रमिक म्हणालो नाही. समोर बसलेले लोक कामगार आहेत, आणि मी त्यांना कामगारच म्हणणार." त्यांच्या वाचा-उपचारतज्ज्ञांनीही त्यांना हेच बजावले होते, की शब्दाला पुन्हा पुन्हा बगल दिली की त्या शब्दाची भीती वाढत जाते. म्हणून आम्ही मर्यादा आखून घेतली: अर्थाचा शब्द बदलायचा नाही, फक्त वाक्याची आणि श्वासाची सुरुवात बदलायची.

या बाबतीत मराठी फार मदत करते, कारण विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ हरवत नाही. मूळ वाक्य होते, 'कामगारांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी केलेले काम विसरता येणार नाही.' 'त्यांनी' पुढे आणावे तर 'त' आडवा येत होता. 'विसरता येणार नाही असे काम त्यांनी केले, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी' हे कागदावर चांगले दिसले, पण स्वल्पविरामाशी श्वास घेतला की 'का' पुन्हा सुरुवातीलाच येत होता. सत्कारमूर्ती व्यासपीठावर शेजारीच बसणार आहेत, हे लक्षात आल्यावर 'त्यांनी'चे 'यांनी' झाले आणि वाक्य असे बसले:

विसरता येणार नाही असे काम
यांनी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी केले.

'कामगार' जागेवर राहिला, पण ओळीच्या पोटात गेला. पूर्ण भाषण याच पद्धतीने, एका श्वासाला एक ओळ असे लिहिले. ओळीत चार ते आठ शब्द, आणि वाक्य कधीही एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचे नाही. सहा मिनिटांसाठी मी एरवी सातशे शब्द लिहिले असते, येथे साडेचारशेवर थांबले, कारण वेळ संपत आल्याची जाणीव झाली की त्यांचे अडखळणे वाढते. पडद्यावर सरकणारा मजकूर याच कारणासाठी नाकारला. तो ठरावीक वेगाने सरकत राहिला तर वक्त्यासाठी थांबत नाही.

नावाचा प्रश्न वेगळा होता. सत्कारमूर्तींचे नाव 'प'ने सुरू होते आणि नावाला पर्यायी शब्द नसतो. ते मी दोनदाच ठेवले, दोन्ही वेळा 'माझे स्नेही'नंतर, मध्ये श्वास न घेता. 'सन्माननीय अध्यक्ष' ही सुरुवातही जमली, कारण 'स' त्यांना हळूच लांबवता येत होता.

प्रत्येक ओळीला समासात पर्यायी सुरुवात लिहून देण्याची माझी कल्पना फसली. शब्द अडला की नजर समासाकडे जाई, निवड करण्यात आणखी क्षण जाई आणि मूळ धागा सुटे. पर्याय सरावात तपासले, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून बाकीचे खोडले. 'तर', 'म्हणजे' असे टेकू शब्दही काढले, कारण दुसऱ्या दिवशी तेच जवळपास प्रत्येक वाक्यापुढे येऊ लागले होते.

सरावानेही एकदा फसवले. तोच मजकूर लागोपाठ पाचव्यांदा वाचताना ते क्वचितच अडखळले आणि मी समाधानाने फाईल बंद केली. दुसऱ्या सकाळी पहिल्याच वाचनात निम्म्या जागा पुन्हा अडल्या. त्यानंतर एखादी ओळ सोपी झाली की नाही, हे आम्ही फक्त दिवसाच्या पहिल्या वाचनावरून ठरवू लागलो.

सुरुवातीलाच अडखळण्याचा उल्लेख करावा का, यावर ते दोन दिवस गप्प होते. शेवटी वाक्य त्यांनीच दिले: "मध्ये मध्ये माझा शब्द अडेल, पण वाक्य मी पूर्ण करीन." मी त्यातला एकही शब्द हलवला नाही.

कार्यक्रमात माझ्या हाती त्याच भाषणाची प्रत आणि पेन्सिल होती. एकूण सात ठिकाणी शब्द अडला. त्यांपैकी दोनच जागा मी आधी धोक्याच्या म्हणून ओळखल्या होत्या; एक तर 'माझे' होते, ज्याला मी सर्वांत सुरक्षित समजत होते. 'कामगार' सरळ निघाला. नाव दुसऱ्यांदा घेताना त्यांनी 'माझे स्नेही' गाळले, 'प'वर बराच वेळ थांबले आणि ते नाव वाक्याच्या अगदी सुरुवातीलाच घेतले. ती खुणांची प्रत मी जपून ठेवली आहे, कारण पुढच्या महिन्यातल्या भाषणासाठी त्यांनी सर्वप्रथम तीच मागितली.