छताखालचा तेलाचा डाग

"मॅडम, ह्या मॉडेलचं छत उलटं केलं की आतून हा तेलाचा डाग दिसतो, तो कसला? आणि इतकं जुनं मॉडेल अजून ठेवलंय कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तो शेंगदाण्याच्या चटणीचा डाग आहे. ऑफिसात नवीन आलेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा आठवड्याभरात कधीतरी हे विचारतोच, आणि दर वेळी मी अर्धंच सांगते कारण मधेच कुणाचा तरी साईटवरून फोन येतो. आज पूर्ण लिहूनच काढते.

2010 चा मे महिना. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फायनल ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर प्रोजेक्ट मांडायचा. मी आणि माझी रूममेट तेव्हाच्या औरंगाबादला उस्मानपुऱ्यात एका काकूंकडे खोली घेऊन राहायचो, ती एक वर्ष ज्युनिअर होती आणि त्या रात्री स्वतःचं सगळं सोडून माझ्या मॉडेलला बसली होती. आमच्याकडे असंच चालतं, ज्युनिअर सीनिअरच्या मॉडेलला बसतात, पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी बसतं.

माझा प्रोजेक्ट होता औसा तालुक्यातल्या एका गावासाठी छोटं आरोग्य केंद्र, बाळंतिणीला आणि तिच्यासोबत आलेल्या बाईला दोन-चार दिवस राहता येईल असं. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, जुन्या वाड्यासारखं. बाहेरून 18 मीटर बाय 12 मीटर, म्हणजे 1:50 च्या स्केलला 36 सेंटिमीटर बाय 24. भिंती नऊ इंची विटेच्या, त्या स्केलला साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतात, म्हणून 2 मिलिमीटरचे दोन ग्रे बोर्ड, म्हणजे जाड करडे पुठ्ठे, एकमेकांना चिकटवून प्रत्येक भिंत केली होती. रात्री नऊपर्यंत सगळ्या भिंती उभ्या, कोपरे काटकोनात, अगदी सरळ. हे लक्षात ठेवा, भिंती सरळ राहिल्या, कारण पुढे तेच कामाला येणार आहे.

छत मी शेवटी ठेवलं होतं. एकच ग्रे बोर्ड, मधे चौकाचं भोक कापलेलं, आणि वरून खाकी कागद, कारण मला ते माळवदासारखं मातीचं दिसायला हवं होतं. ग्रे बोर्डचा रंग सिमेंटसारखा दिसतो, तो मला नको होता. औरंगपुऱ्यातून आणलेला चांगला जाड खाकी कागद, त्याला फेव्हिकॉल लावायचा. आता मे महिन्यातली आमच्याकडची हवा तुम्हाला माहितीये, गोंद पसरवता पसरवता एका टोकाला सुकून जातो, म्हणून मी त्यात चांगलं अर्धी वाटी पाणी घातलं आणि ब्रशने पूर्ण कागदाला लावलं. कागद मस्त बसला, एक बुडबुडा नाही. अकरा वाजता मी ते छत कूलरसमोर भिंतीला टेकवून उभं केलं, लवकर वाळेल म्हणून, आणि आम्ही जिने, ओटे, चौकातलं झाड ह्याच्या मागे लागलो.

अडीचला छत हातात घेतलं तर चारी कोपरे वर आलेले. भिंतींवर ठेवून स्केलने मोजलं, सगळ्यात जास्त उचललेला कोपरा 6 मिलिमीटर. कागदावर 6 मिलिमीटर काहीच नाही वाटत, पण 1:50 ला ते तीस सेंटिमीटर होतात, म्हणजे भिंत आणि छत यांच्यात एक फुटाची फट. त्यातून हात काय, अख्खं मांजर आत येईल. मी तिथेच खाली फरशीवर बसले आणि मला खरंच रडू आलं.

रूममेट म्हणाली, "थांब ना ताई, अकराला मी बघितलं होतं तेव्हा तर हे उलट्या बाजूने फुगलं होतं, मधे वर आणि कोपरे खाली, मला वाटलं बसेल आपोआप."

ह्या एका वाक्याने माझं डोकं चालायला लागलं. कागद ओला झाला की पसरतो, म्हणून आधी कागदाची बाजू फुगून वर आली. मग कागद वाळला की आकसतो, पण आता तो बोर्डला घट्ट चिकटलेला, त्यामुळे आकसताना तो बोर्डलाच स्वतःकडे ओढतो आणि कागदाच्या बाजूला वाटीसारखा खोलगटपणा येतो. जितकं पाणी जास्त तितका कागद आधी जास्त पसरणार आणि नंतर जास्त ओढणार, आणि मी तर अर्धी वाटी पाणी घातलेलं. वर कूलर. छताची खालची उघडी बाजू कूलरकडे होती, ती दमट हवा तीन-साडेतीन तास पीत बसली आणि हळूहळू फुगली, म्हणजे एका बाजूने कागद ओढतोय आणि दुसऱ्या बाजूने बोर्ड ढकलतोय, दोन्ही एकाच दिशेला.

मग भिंती का नाही वाकल्या? त्यांनाही तोच गोंद होता. तर भिंतीत गोंद मधे आणि दोन्हीकडे सारखाच बोर्ड, जो ओढेल त्याला दुसरा तेवढाच उलटा ओढतो. छताला असं उलटं ओढणारं काही नव्हतंच.

कागद सोलून काढायचा विचार पहिला आला. एका कोपऱ्याला कटरचं टोक घालून बघितलं तर कागदासोबत ग्रे बोर्डचा पापुद्रा सुटून यायला लागला, लगेच थांबले. दुसरा बोर्ड नव्हता आणि रात्री अडीचला दुकान कुठलं उघडं असणार. हाताने उलटं वाकवून सरळ करतात काही जण, ते करू नका, पाच मिनिटं सरळ दिसतं आणि बोर्डला आडवी घडी पडते ती कायमची.

एकच मार्ग होता, खालच्या बाजूलाही तसाच कागद लावायचा. तोच रोल, तेच पाणी घातलेला गोंद, आणि कागदाची दिशाही तीच, कारण कागदाचे धागे ज्या दिशेने असतात त्या दिशेत तो कमी पसरतो आणि आडवा जास्त पसरतो, खालचा कागद फिरवून लावला असता तर छताला पीळ बसला असता. दिशा ओळखायला सोपं आहे, कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने पटकन गुंडाळला जातो ती धाग्यांच्या सोबतची घडी. कूलर बंद केला. पावणेतीनला कागद लागला.

आणि आता ह्याला वाळेपर्यंत सपाट दाबून ठेवायचं, सगळीकडून सारखं वजन देऊन. पुस्तकं ठेवली तर ती सरकतात आणि आमची सगळी पुस्तकं मिळून पुरेसं वजनही होईना. आम्ही बादलीत पाणी भरून ठेवावं का असं बोलत होतो तेवढ्यात काकू उठून आल्या.

"काय करायल्यात गं पोरींनो, तीन वाजायलेत."

मी छत दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्याच्या रेषेत धरून बघितलं, जसं सुतार फळी बघतो तसं, आणि म्हणाल्या, "वाकलंय की. पाटा देऊ का? लई वजन आहे त्याचं."

त्यांचा पाटा काळ्या दगडाचा, आमच्या छतापेक्षा दोन बोटं मोठाच. संध्याकाळी त्याच्यावर लसूण-शेंगदाण्याची चटणी वाटलेली. काकू तो धुवायला निघाल्या आणि मी ओरडलेच, "काकू धुवू नका!" ओल्या दगडाचं पाणी सगळं बोर्डात उतरलं असतं. मग त्यांनी सुक्या फडक्याने खसाखसा पुसला. पाठीची बाजू ओबडधोबड होती म्हणून वाटायचीच बाजू खाली ठेवावी लागली, आणि तिथे एक गोष्ट आमच्या बाजूने झाली. पाट्याचा मधला भाग इतक्या वर्षांच्या वाटण्याने खोल गेला होता, पण आमच्या छताला मधे चौकच होता. दगड जिथे दबत नव्हता तिथे आमचं छतच नव्हतं, आणि जिथे कोपरे उचलले होते तिथे पाट्याचे काठ बरोबर बसत होते.

फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर छत, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पाटा. दर अर्ध्या तासाने आम्ही दोघी पाटा उचलायचो आणि काकू ओले कागद ओढून कोरडे घालायच्या, म्हणजे बोर्डातलं पाणी दोन्ही बाजूंनी सारखं निघेल. पाचच्या सुमाराला रद्दी संपली. मग आम्ही पाट्याखाली फक्त माझ्या जुन्या शीटचा एक तुकडा ठेवला आणि छत उलटं केलं, खालची बाजू वर. तो तुकडा पातळ होता. तेल तिथूनच उतरलं.

साडेआठला काढलं. मोजलं. तीन कोपरे बसलेले, चौथा एक मिलिमीटर वर. तो शेवटपर्यंत तसाच राहिला, कारण वरचा कागद तीन तास आधी वाळून आकसलेला होता आणि खालच्याला ती बरोबरी पूर्ण करता येणार नव्हती. छत वेगळं पेपरात गुंडाळून मांडीवर, मॉडेल रूममेटच्या हातात, रिक्षाने कॉलेजला.

एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दुसऱ्या गावाहून आले होते. त्यांनी आधी शीट्स बघितल्या, काही बोलले नाहीत, मग मॉडेलजवळ येऊन बरोबर त्या चौथ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि दाबलं. छत खाली बसलं, बोट काढलं, वर आलं.

"हे डिझाईनमधे आहे?"

"नाही सर, रात्री वाकलं होतं. एका बाजूने कागद लावला होता."

त्यांनी छत उचललं, उलटं केलं, तो डाग बघितला, आणि सरळ विचारलं, "माळवदासारखं का दाखवलंय? त्या भागात किल्लारीच्या भूकंपात माळवदांनीच माणसं मारली."

मला हा प्रश्न हवाच होता. मी सांगितलं, माझ्या आजीचं घर माळवदाचं होतं. दर पावसाळ्याआधी आजोबा वर पांढऱ्या मातीचा नवीन थर घालायचे, गळू नये म्हणून, जुना कुणी काढत नसे, त्यामुळे दर वर्षी डोक्यावरचं वजन वाढत जायचं, आणि खाली भिंती दगडाच्या, चिखलात रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भिंतीचे ते दोन थर फाकले आणि माती खाली आली. माझ्या डिझाईनमधे वरचा थर फक्त रंगाला आहे, पातळ फरशीचा, खाली स्लॅब आणि भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा. गावातल्या बाईला ते ओळखीचं वाटावं म्हणून रंग ठेवला, वजन नाही ठेवलं.

सरांनी विचारलं, पट्टा मॉडेलमधे दिसतो का. मी भिंतींच्या वरची पांढरी पट्टी दाखवली, छत काढलेलं असल्यामुळे ती पूर्ण चौकोनात दिसत होती. ते खाली वाकून चारी कोपऱ्यांत पट्टी जोडलेली आहे का ते बघत राहिले. एका ठिकाणी जोड उघडा होता. तो त्यांनी दाखवला, त्याचे मार्क कापले, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी घरी आलो तेव्हा काकू पाटा अंगणात नळाखाली घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसलं का गं कोपरं?"

"तीन बसले काकू."

"अन् चौथं?"

चौथा अजूनही कपाटात तसाच आहे, पावसाळ्यात जरा जास्त वर येतो आणि मे महिन्यात खाली जातो. बोट ठेवून बघा, पण डागावर नको, तिथला कागद आता तेलाने ठिसूळ झालाय.