बायबॅकचे चोवीस हजार आणि माझा विवरणपत्राचा अनुभव

अमळनेरला शेअर हा शब्द कुणाला परका नाही. १९४५ साली विप्रोची सुरुवात याच गावात झाली, त्यामुळे कागदी सर्टिफिकेटं ट्रंकेत जपून ठेवणारी घरं इथे आहेत. माझे शेअर मात्र दुसऱ्याच कंपनीचे. १२० होते. त्यातले ८० मी २०१७ मध्ये २४० रुपयांनी घेतले आणि ४० मार्च २०२४ मध्ये ६१० रुपयांनी.

जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ८०० रुपयांनी बायबॅक आणला, म्हणजे आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घ्यायचं ठरवलं. मी सगळे १२० देऊ केले, त्यातले ३० स्वीकारले गेले. लहान भागधारकांसाठी १५ टक्के राखीव असतात, पण त्यातही अर्ज जास्त आले की प्रमाणात वाटणी होते. बाकीचे ९० डीमॅटमध्ये परत आले.

शेजारचे आप्पा म्हणाले, "टॅक्स-बिक्स काही लागत नही भाऊ." २०२३ साली विप्रोने ४४५ रुपयांनी बायबॅक केला, तेव्हा त्यांना खरंच काही भरावं लागलं नव्हतं. त्या वेळी कर कंपनी भरायची आणि भागधारकाची रक्कम करमुक्त असायची. मीही निर्धास्त राहिलो.

शंका आली ती पासबुक भरून आणल्यावर. ३० गुणिले ८०० म्हणजे २४,००० यायला हवे होते. जमा होते २१,६००. ब्रोकरच्या वार्षिक अहवालात तर १६,८०० रुपये दीर्घकालीन नफा दाखवला होता, म्हणजे ८०० वजा २४०, गुणिले ३०. तेवढा नफा सव्वा लाखाच्या सवलतीत बसतो, मग २,४०० कापले कशाला? आयकर खात्याचं, कापलेल्या कराची नोंद असलेलं २६एएस उघडलं तर त्या कपातीसमोर कलम १९४ लिहिलेलं होतं. १९४ हे लाभांशाचं कलम.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता जळगावात सीए आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, ब्रोकरचा आकडा बाजूला ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून हिशोबाचे दोन तुकडे झालेत."

पहिला तुकडा उत्पन्नाचा. कलम २(२२)(एफ) प्रमाणे बायबॅकची पूर्ण रक्कम लाभांश मानली जाते. त्यातून खरेदीची किंमत वजा होत नाही, कुठला खर्चही नाही. माझे २४,००० सरळ 'इतर स्रोतांतून उत्पन्न' मध्ये गेले. मी जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणून कर ४,८०० आणि उपकर १९२, एकूण ४,९९२. कापलेले २,४०० वजा जाऊन आणखी २,५९२ भरायचे होते.

दुसरा तुकडा तोट्याचा, आणि हाच बहुतेकांकडून राहून जातो. कलम ४६ए म्हणतं की भांडवली नफ्याच्या हिशोबात मिळालेली किंमत शून्य धरा. मग शेअर घ्यायला घातलेला पैसा सगळाच तोटा ठरतो. पण ३० शेअर कुठल्या खरेदीतले? मला वाटलं ६१० वाले धरले तर तोटा १८,३०० दिसेल. तिने लगेच थांबवलं. डीमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले, असंच मोजायचं. म्हणून ३० गुणिले २४०, म्हणजे ७,२०० रुपयांचा दीर्घकालीन तोटा. फेब्रुवारी २०१८ आधी घेतलेल्या शेअरना ३१ जानेवारी २०१८ चा भाव लावायची मुभा असते, तीही मी विचारली. ती इथे उपयोगाची नाही, कारण तो भाव विक्रीच्या किमतीपुरताच धरता येतो आणि इथे ती किंमतच शून्य. राहते ती मूळ खरेदी.

हा तोटा पगारातून किंवा त्याच बायबॅकच्या लाभांशातून वजा होत नाही. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच जातो. त्याच वर्षी असा नफा असेल तर आधी त्यातूनच वजा होतो, मग तो नफा सव्वा लाखाच्या आत करमुक्त असला तरी. तसं झालं की तोटा फुकट जातो. माझा त्या वर्षी दुसरा नफा नव्हता, म्हणून ७,२०० पूर्ण पुढे नेता आले. आठ वर्षं वापरता येतात.

त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मध्ये बायबॅकच्या तोट्याची वेगळी ओळ आहे, आणि तो तोटा तेव्हाच मान्य होतो जेव्हा लाभांश इतर स्रोतांच्या तक्त्यात दाखवलेला असतो. विवरणपत्र मुदतीत गेलं नाही तर तोटा पुढे जात नाही. मी ऑगस्टमध्ये भरलं आणि शेवटच्या तक्त्यात ७,२०० चा आकडा बसलेला पाहिल्यावरच ई-पडताळणी केली.

२०२६ च्या अर्थसंकल्पात १ एप्रिल २०२६ पासून बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात नेण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा माझी ही रीत त्याआधीच्या बायबॅकपुरतीच धरा.

आप्पांनीही त्याच बायबॅकमध्ये १२ शेअर दिले होते. त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही त्यांचं २६एएस उघडलं. कलम १९४, रक्कम ९,६००, कपात ९६०. त्यांनी आत जाऊन शेअर खरेदीची जुनी काँट्रॅक्ट नोट शोधून आणली.