वसुलीचा परिच्छेद

आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा गेल्या वर्षी माझ्याकडे आला. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ताई, भाषा जरा आटोपशीर करा. दरवर्षी सभासद चाळतात आणि ठेवून देतात." जुना अहवाल काढला, तारखा बदलल्या, आकडे बदलले, असंच ते चालत आलं होतं. सगळ्यात जास्त वेळ मी थकबाकी वसुलीच्या परिच्छेदावर घालवला. तो असा होता:

"अहवाल वर्षात संस्थेच्या थकबाकी वसुलीच्या अनुषंगाने संचालक मंडळाच्या मार्गदर्शनाखाली व सर्व संबंधितांच्या सहकार्याने विविध स्तरांवर सातत्यपूर्ण प्रयत्न करण्यात आले असून, त्यामध्ये प्रामुख्याने थकबाकीदारांना नोटिसा देण्याची कार्यवाही करण्यात आली तसेच आवश्यकतेनुसार कायदेशीर कारवाई करण्याच्या दृष्टीने पावले उचलण्यात आलेली आहेत. परिणामी सदर थकबाकीच्या प्रमाणामध्ये समाधानकारक स्वरूपाची घट झाल्याचे दिसून येत आहे."

आधी मी पेन्सिल घेऊन फक्त खोडत गेले. 'नोटिसा देण्याची कार्यवाही करण्यात आली' म्हणजे 'नोटिसा दिल्या'. 'घट झाल्याचे दिसून येत आहे' म्हणजे 'घटली'. क्रियापद नामात कोंबायचं आणि मग त्याला चालवायला 'करण्यात आली' जोडायचं, ही आपल्या कार्यालयीन मराठीची जुनी सवय. ती सोडवत गेलं की वाक्य आपोआप आखडतं. 'अनुषंगाने', 'सदर', 'स्वरूपाची', 'दृष्टीने' यांना तर काहीच काम नव्हतं. उरलं ते एवढंच: "थकबाकी वसुलीसाठी प्रयत्न केले, नोटिसा दिल्या, कायदेशीर पावले उचलली. थकबाकीचे प्रमाण घटले."

वाचलं आणि लक्षात आलं, की यात माहितीच नाही. किती नोटिसा? कोणती पावले? घट कितीची? इतके शब्द होते म्हणून हे प्रश्न आजवर सुचले नव्हते. मी वसुली अधिकाऱ्यांकडे जाऊन त्यांचं रजिस्टर मागितलं. नोटिसा १६८ गेल्या होत्या. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी ३१ अर्ज केले होते, त्यांपैकी १९ दाखले मिळाले होते.

मग ताळेबंद उघडला, तिथे मात्र मी थांबले. आधीच्या मार्चअखेर येणे कर्ज २० कोटी आणि थकबाकी १ कोटी ६८ लाख, म्हणजे ८.४ टक्के. या मार्चअखेर येणे कर्ज २८ कोटी, थकबाकी १ कोटी ७१ लाख, म्हणजे ६.१ टक्के. प्रमाण खरंच घटलं होतं, पण रक्कम तीन लाखांनी वाढली होती. 'समाधानकारक स्वरूपाची घट' खोटी नव्हती, तरी वाचणाऱ्याला चुकीच्या समजुतीत ठेवणारी होती. साहेबांना दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दोन्ही आकडे द्या." शेवटचा मजकूर असा झाला:

"मार्चअखेर थकबाकी १ कोटी ७१ लाख रुपये आहे, गेल्या वर्षी ती १ कोटी ६८ लाख होती. येणे कर्ज २० कोटींवरून २८ कोटींवर गेल्याने थकबाकीचे प्रमाण ८.४ वरून ६.१ टक्क्यांवर आले. वसुली विभागाने १६८ नोटिसा दिल्या व कलम १०१ खाली ३१ अर्ज केले; १९ दाखले मिळाले."

शब्द मोजाल तर फार कमी झालेले नाहीत. पण आता प्रत्येक शब्द काही तरी सांगतो.

या खोडाखोडीत एक चूकही झाली, ती सांगायला हवी. दुसऱ्या पानावर 'संशयित व बुडीत कर्जे' असं होतं. 'सखोल व सविस्तर' सारखीच ही जोडी असेल, असं समजून मी 'संशयित' काढला. साहेबांनी लगेच हात धरला. लेखापरीक्षणात हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि दोन्हींसाठी तरतुदीचं प्रमाण वेगळं असतं. तसंच 'दाखला मिळाल्यास जप्ती करण्यात येईल' याचं मी 'जप्ती करू' केलं होतं. त्यात अटच उडाली होती. तेव्हापासून जोडशब्द आणि 'मिळाल्यास', 'झाल्यास' अशी रूपं खोडण्याआधी मी संबंधित विभागाला विचारते. 'करण्यात येईल' हे मात्र सगळीकडे वाईट नसतं. कर्ता कोण हे महत्त्वाचंच नसेल तिथे मी ते राहू दिलं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी तो परिच्छेद वाचला. मागच्या रांगेतले एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "टक्के कमी झाले ते समजलं. पण रक्कम तीन लाखांनी वाढली ती कुठल्या कर्जांत?" वसुली अधिकाऱ्यांनी कागद काढून उत्तर दिलं: दोन व्यवसाय कर्जांचे हप्ते थांबले आहेत, दोन्ही कर्जांना तारण आहे. यंदाच्या मसुद्यात त्या दोन खात्यांचं पुढे काय झालं, ते मी पहिल्याच वाक्यात घातलं आहे.