फांदी की पांदी

पाटण तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या कॅसेटीतला एक शब्द तीन आठवडे झाले तरी सुटलेला नाही. नव्वद मिनिटांची साधी कॅसेट, लेबलवर बॉलपेनने 'गौळणी – २' एवढंच. गाणारे बुवा आता नाहीत. त्यांच्या गौळणींची वही एका पावसाळ्यात गेली, आणि त्यातल्या निदान सहा गौळणी कुठल्याही छापील गाथेत मिळत नाहीत. म्हणजे शब्द टिकलेत ते या फितीवरच. घरच्यांना गाणी ऐकायला हवी होती आणि शब्द लिहून हवे होते. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींसाठी एकच फाईल वापरली की घोटाळा होतो. तसाच तो झाला.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडणं, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दबलं तरी काही पुसलं जात नाही. इथे ते आधीच मोडलेले होते आणि भोकांवर चिकटपट्टी होती. दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटवर घरचं रेकॉर्डिंग करायची ही जुनी युक्ती. चिकटपट्टी काढली. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर कडेला पांढरी बुरशी होती. पाटणच्या पावसात हे व्हायचंच. अशी कॅसेट थेट मशीनमध्ये घालून पळवायची नाही. बुरशीने चिकटलेला वेढा सुटताना फीत तुटते किंवा तिच्यावरचा लेप निघतो. तोंडाला मास्क लावून, उघड्या हवेत, पाच स्क्रू काढून कवच उघडलं. कडा कोरड्या मऊ फडक्याने पुसल्या. फितीला हेडवर दाबणारी फेल्टची गादी पट्टीवरून निघून आत लोळत होती, म्हणून दोन्ही चकत्या फितीसकट दुसऱ्या रिकाम्या कवचात बसवल्या. मग हाताने, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा गुंडाळून परत आणली.

घरच्यांनी याच कॅसेटची आधी एका दुकानातून सीडी करून आणली होती. ती मी मुद्दाम ऐकली. आवाज रजईत गुंडाळल्यासारखा. दुकानदाराने डॉल्बीचं, म्हणजे कॅसेटची खरखर दाबणाऱ्या सोयीचं, बटण चालू ठेवलं होतं, हे पहिल्या मिनिटात कळलं. डॉल्बी लावून भरलेली फीत डॉल्बी लावून वाजवायची असते. गावातल्या दोन स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर डॉल्बी कुठला? अशा फितीवर ते बटण दाबलं की खरखर कमी होते खरी, पण टाळांचा खणखणाट आणि 'स', 'श' तिच्याबरोबरच जातात. गिऱ्हाईक खूश होतं, 'किती साफ झालं बघा' म्हणतं. साफ आणि पुसलेलं यातला फरक लोकांना सांगून पटत नाही, दोन्ही शेजारी ठेवून ऐकवावं लागतं.

खरखरीतून शब्द वर काढण्याचा खरा उपाय कॉम्प्युटरच्या आधी, हेडच्या शेजारच्या एका बारीक स्क्रूत असतो. कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते. ज्या रेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल आणि माझं सरळ, तर वरचे बारीक सूर एकमेकांना खातात. खरखर मात्र तेवढीच राहते, कारण ती फितीच्या कणांची असते, तिला हेडचा कोन समजत नाही. म्हणून दोन्ही चॅनल एकत्र करून, कानाला हेडफोन लावून, टाळ वाजत असताना तो स्क्रू केसभर फिरवत जायचं. एका जागी टाळ अचानक धातूचा वाटायला लागतो. या कॅसेटला पाव आट्याहूनही कमी फिरवावं लागलं आणि बुवांचे शब्द पडद्यामागून पुढे आले. सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवून हे होत नाही, कारण तिथे खरखरही सोबत वाढते. काम झालं की स्क्रू परत जागेवर आणायचा. पुढची कॅसेट दुसऱ्या कुणाच्या तिरक्या हेडची असते.

मग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये एक बाजू भरून घेतली. पंचेचाळीस मिनिटांची फाईल सुमारे दीड जीबीची होते. त्या फाईलला पुन्हा हात लावायचा नाही, पुढचं सगळं तिच्या प्रतीवर.

ए बाजू शेवटाकडे हळूहळू चढी होत जाते. पेटी काही मध्येच सूर बदलत नाही, तेव्हा पेटी चढली म्हणजे फीत भरताना मोटर मंद होत गेली. रेकॉर्डर सेलवर चालत होता आणि सेल उतरत होते. अखेरीला जवळपास पाव सुराचा, म्हणजे तीन टक्क्यांचा फरक. ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलणारा टाइम ट्रॅक टाकून त्याची रेघ हळूहळू खाली आणली की पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पट्टीत राहते.

चूक झाली ती पुढच्या पायरीला. त्यातल्या खरखर काढणाऱ्या Noise Reduction साठी आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. माझ्या सहकाऱ्याने दोन गाण्यांमधल्या शांततेतला तीन सेकंदांचा तुकडा निवडला. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. पण साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. भजन जोरात चालू असताना ते माइक दाबून धरतं आणि गाणं थांबलं की काही सेकंदांत माइक पूर्ण उघडतं. म्हणजे शांततेत जी खरखर ऐकू येते तिच्यात देवळातली हवा, कुणाचं तरी खाकरणं आणि माइकची स्वतःची सूंसूं फुगवून मिसळलेली असते. गाणं चालू असताना ती एवढी नसतेच. त्या फुगलेल्या नमुन्यावर अठरा डेसिबलची कात्री चालवली, तर खरखरीबरोबर व्यंजनांचा श्वासही कापला जातो.

कात्री किती खोल गेली हे बघायची सोय तिथेच आहे. त्याच खिडकीत Residue नावाचा पर्याय असतो. तो निवडला की जे काढून टाकलंय तेच ऐकू येतं. तिथे नुसती एकसुरी सूंसूं आली तर ठीक. आम्हाला तिथे अख्खं भजन कुजबुजत ऐकू आलं. टाळांचे काटे, 'स'चे सुस्कारे, 'ख', 'छ', 'फ'ची हवा, सगळं तिथे जमा झालं होतं. नमुना बदलून घेतला, गाणं संपल्यावर शेवटच्या टाळेची आस विरते न विरते तोवरचा अर्धा सेकंद, माइक पूर्ण उघडायच्या आत. आणि अठराच्या जागी सहा डेसिबल. थोडी खरखर राहिली. राहू दे.

पण तोवर त्या अतिसाफ फाईलवरून शब्द लिहून झाले होते. एका गौळणीचं धृपद असं लिहिलं होतं: 'पांदीवरी बसला कान्हा, वाट अडवी गौळणींची'. मला ते आवडलंही होतं. पांद म्हणजे दोन्हीकडे झुडपं असलेली शेताकडची अरुंद वाट, सातारा भागात रोजच्या बोलण्यातला शब्द. वाट अडवायची तर पांदीतच अडवणार. कच्ची फाईल लावल्यावर मात्र तिथे 'फांदीवरी' ऐकू आलं. कान्हा झाडावर बसतो हे शेकडो गौळणींत आहे, त्यामुळे कान आपोआप तेच ऐकतात, हेही खरं.

'प' आणि 'फ' यांत फरक ओठ उघडल्यानंतरच्या हवेचा. 'फ'ला स्वर सुरू व्हायच्या आधी काही शतांश सेकंद नुसती हवा जाते आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रात, ती वरच्या भागात धुरकट पट्ट्यासारखी दिसते. पण भजनी ठेक्यात हा शब्द नेमका समेवर येतो, आणि समेवर सगळे टाळकरी जोर लावतात. टाळेचा झंकार त्याच वरच्या भागात पसरतो. बी बाजूला हे धृपद अकरा वेळा येतं, अकराही वेळा त्या धुरावर टाळ बसलेली आहे.

टाळ नसलेली एकच जागा सापडली. गौळण सुरू होते ए बाजूच्या अगदी शेवटी. बुवा ठेक्याशिवाय, सावकाश धृपद उचलतात, 'वरी' पूर्ण व्हायच्या आत फीत संपते आणि बटण खाडकन उडतं. चार सेकंदांचा तुकडा. सहकाऱ्याने तो 'अर्धवट' म्हणून छाटून टाकला होता. मूळ फाईल ठेवल्यामुळे वाचला. फितीचं शुभ्र शेपूट येईपर्यंतचं काहीही छाटायचं नाही, हे मी आता भिंतीवर लिहून लावलंय.

त्या तुकड्यात हवा आहे, स्पष्ट दिसते. म्हणजे 'फांदी'. विषय मिटला असं वाटलं, तोवर त्या मंडळातल्या एका वयस्कर टाळकऱ्यांना विचारलं. त्यांनी फाईल ऐकायच्या आधीच सांगितलं, "आम्ही पांदीवरीच म्हणायचो. बुवांना दमा होता हो, त्यांचा प सुद्धा वाऱ्यावर जायचा."

हे तपासता येतं. त्याच कॅसेटमध्ये बुवांचे 'पाणी', 'पदर', 'पाहे' असे शब्द टाळ नसलेल्या जागी आहेत का ते शोधलं. सात मिळाले. सातांपैकी पाचांत हवा आहे, पण त्या चार सेकंदांतल्या हवेच्या साधारण निम्मीच. आणि त्यांचा निर्विवाद 'फ' म्हणावा असा, टाळेशिवायचा, एकच मिळाला, 'फुले'. तिथली हवा त्या तुकड्यातल्या हवेपेक्षा थोडी जास्त. आपला शब्द दोघांच्या मध्ये येतो, 'फ'च्या जरा जवळ. एका 'फ'वरून मी पैज लावणार नाही. झील धरणाऱ्यांत तर दोन्ही असावेत असं वाटतं. एकाच ओळीत कुणी फांदी, कुणी पांदी.

घरच्यांना छापायला एकच शब्द हवाय. कंसातली प्रश्नचिन्हं बरी दिसत नाहीत म्हणे. मी पाठवलेल्या प्रतीत ती ओळ अशी आहे: 'फांदीवरी [किंवा पांदीवरी?] बसला कान्हा', आणि समोर वेळ, ए बाजू, ४४ मिनिटं ५१ सेकंद. सोबत त्या चार सेकंदांची कच्ची फाईलही दिलीय, खरखरीसकट.