कामगंध सापळ्याचे चित्र आणि राखाडी पडलेले बटण: माझा अनुभव

आमच्या शेतकरी गटाच्या बैठकीत गुलाबी बोंडअळीवर पंधरा मिनिटे बोलण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आणि मी पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड तयार करायला बसलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीच्या पट्ट्यात कामगंध सापळा सर्वांना ठाऊक आहे. तरीही तयार चिन्हांच्या साठ्यात मला तो कुठेच सापडला नाही, म्हणून तो स्वतःच काढायचे ठरवले. ते चित्र प्रत्यक्षात अर्ध्या तासाचे होते. माझ्या मात्र तीन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि त्यांतल्या अडीच एका राखाडी पडलेल्या बटणापुढे गेल्या.

चित्राची मांडणी सोपी होती. वर झाकण, त्याखाली नरसाळे, नरसाळ्याला लोंबणारी प्लॅस्टिकची लांब पिशवी आणि बाजूला सापळा बांधण्याची काठी. झाकणासाठी लंबवर्तुळ घेतले, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आयत ठेवला, आधी लंबवर्तुळावर आणि मग शिफ्ट दाबून आयतावर क्लिक केले आणि Shape Format टॅबमधल्या Merge Shapes मधून Subtract निवडले, तेव्हा अर्धगोल झाकण उरले. नरसाळ्यासाठी समलंब चौकोन उलटा केला, पिशवीसाठी गोलसर कोपऱ्यांचा आयत घेतला आणि हे सगळे भाग एकमेकांवर थोडे चढतील असे ठेवून Union केले. भागांमधल्या रेषा नाहीशा झाल्या आणि एकसंध काळी आकृती तयार झाली.

येथे काठीने मला एकदा फसवले. मी ती साध्या रेषेने काढली होती आणि रेषा जाड केली होती. परंतु आकार जोडताना पॉवरपॉइंट फक्त आकाराची मूळ कड पाहते, तिच्यावरच्या रेषेची जाडी मोजत नाही. म्हणून काठी हवी असेल तर ती अरुंद आयतानेच काढावी लागते.

आता खरे दुखणे सांगतो. पिशवीत अडकलेला पतंग दाखवण्यासाठी पिशवीवर पतंगाच्या आकाराचे छिद्र मला हवे होते. पतंग काढण्याचा कंटाळा आला म्हणून Insert मधल्या Icons मधून एक फुलपाखरू घेतले, ते पिशवीवर ठेवले, आधी सापळा आणि मग फुलपाखरू निवडले आणि Merge Shapes कडे गेलो, तर ते बटण राखाडी पडलेले होते. दाबले तरी काही होईना. फाइल बंद करून उघडली, संगणक बंद करून सुरू केला, दुसऱ्या दिवशी नव्या स्लाइडवर तोच प्रकार केला, तरी बटण जिवंत होईना. शेवटी तालुक्याला गेलो असताना एका संगणक केंद्रात फाइल दाखवली. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे धड न पाहताच सांगितले, "भाऊ, तुमच्या पीसीतलं व्हर्जन अपुरं आहे, नवीन टाकावं लागते." राखाडी पडण्याआधी त्याच बटणाने माझे झाकण कापले होते, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने नव्या आवृत्तीची किंमत सांगितली. तो राग अजून गेलेला नाही, कारण दोष आवृत्तीत नव्हताच.

दोष फुलपाखरात होता, आणि तोही एकावर एक असा दुहेरी. Icons मधून येणारे चिन्ह पॉवरपॉइंटचा आकार नसते; ते बाहेरून आणलेले एसव्हीजी चित्र असते, आणि अशा चित्रावर ही कापाकापी चालत नाही. ते निवडल्यावर Graphics Format हा वेगळा टॅब दिसतो, हीच त्याची ओळख आहे. त्या टॅबमधले Convert to Shape दाबले की चित्राचे आकारांत रूपांतर होते. मी हे स्वतःच शोधून काढले, मोठ्या आशेने दोन्ही पुन्हा निवडले, आणि बटण तरीही राखाडीच राहिले. त्या क्षणी वीज गेली, हे एका परीने बरेच झाले.

दुसरी गाठ तिसऱ्या संध्याकाळी सुटली. रूपांतरानंतर फुलपाखराचे पंख आणि धड हे सुटे आकार झाले होते, परंतु ते एका गटात बांधलेले होते, आणि निवडीत एकही गट असला तर Merge Shapes चालत नाही. डोळ्यांना गट आणि आकार यांतला फरक दिसत नाही. म्हणून Alt+F10 दाबून उजवीकडे Selection Pane उघडावे. त्यात एखाद्या नावाखाली आत सरकलेली दुसरी नावे दिसली तर तो गट आहे असे समजावे. Ctrl+Shift+G ने गट सोडवला, सुटे झालेले पंख आणि धड Union करून एक केले, मग आधी सापळा आणि नंतर पतंग निवडला. बटण उजळले. Subtract केले आणि पिशवीत पतंगाच्या आकाराचे पांढरे छिद्र पडले. त्या वेळी मी घरात मोठ्याने ओरडलो, आणि शेजारचे काका काय झाले म्हणून पाहायला आले.

पहिल्या स्लाइडवर कपाशीच्या शेताचा फोटो होता, आणि "बोंडअळी" या अक्षरांतून तेवढाच फोटो दिसावा असे मला हवे होते. त्यासाठी फोटोवर संपूर्ण स्लाइडएवढा, म्हणजे 33.87 बाय 19.05 सेंटिमीटरचा पांढरा आयत ठेवला आणि त्यावर वेगळ्या मजकूर चौकटीत 200 पॉइंटच्या ठळक अक्षरांत शब्द लिहिला. आधी आयत, मग चौकट, आणि मग Subtract. बारीक अक्षर घेतले तर फटीतून फोटो कळतच नाही. पहिल्या वेळी मी चौकट आधी निवडली आणि पडद्यावरून दोन्ही गोष्टी नाहीशा झाल्या, कारण अक्षरांतून आयत वजा केला तर उरणार काय? फोटो निवडून त्यानंतर चौकट निवडली आणि Intersect केले तरी अक्षरांत फोटो भरतो, परंतु तेव्हा फोटोच कापला जातो. Subtract मध्ये फोटो मागे सुटा राहतो आणि अळी नेमकी अक्षरात येईपर्यंत त्याला सरकवता येते, म्हणून मी तेच ठेवले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कापल्यानंतर ते अक्षर राहत नाही, आकृती होते. शुद्धलेखनाची चूक मग दुरुस्त होत नाही. मी "अळी" आधी ऱ्हस्व लिहिली होती आणि तेवढ्यासाठी सगळे पुन्हा केले. तेव्हापासून प्रत्येक जोडणीपूर्वी Ctrl+D ने मूळ आकारांची नक्कल काढून स्लाइडच्या बाहेर ठेवतो. Ctrl+Z वर भिस्त ठेवू नये, कारण ते मुळात 20 पावलांपर्यंतच मागे जाते आणि फाइल बंद केली की तेही संपते.

बैठक ग्रामपंचायतीच्या संगणकावर झाली. माझा काही मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट तिथे नव्हता. "सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडले तर फवारणी" हे माझे सर्वांत महत्त्वाचे वाक्य इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत बदलले आणि मला ते तोंडी सांगावे लागले. "बोंडअळी" हा कापलेला शब्द मात्र जसाच्या तसा होता.